आपला फोटो कोणी उचललाय का ते शोधताना: पूर्ण फ्रेम, आरसा आणि तुकडा

प्रश्न: मी पक्ष्यांचे फोटो काढतो, चार-पाच वर्षं स्वतःच्या साइटवर टाकतोय. एका मित्राने सांगितलं की माझा एक फोटो त्याने दुसऱ्याच कुठल्यातरी साइटवर बघितला, पण लिंक त्याच्याकडे नाही. गूगलवर फोटो टाकून बघितला तर नुसते तसेच दिसणारे पक्षी येतात, माझा फोटो कुठेच नाही. मग कोणी वापरलाय की नाही हे कळणार कसं?

उत्तर:

आधी एक सोपं काम करा, मित्राला त्याच्या ब्राउझरची हिस्ट्री उघडायला सांगा. कॉम्प्युटरवर `Ctrl+H` दाबलं की दिवसवार यादी येते, साधारण कुठल्या आठवड्यात बघितलं एवढं आठवलं तरी पुष्कळदा पान सापडतं. लोक हे करत नाहीत आणि दोन-दोन दिवस सर्च करत बसतात. पण एक पान सापडलं म्हणजे झालं असं नाही, जो फोटो एका ठिकाणी गेलाय तो बहुतेक वेळा आणखी तीन ठिकाणी पण गेलेला असतो, त्यामुळे सर्च करायचंच आहे, फक्त ते नीट करायचंय.

तुम्हाला "तसेच दिसणारे पक्षी" का येतात ते आधी समजून घ्या, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. रिव्हर्स इमेज सर्च या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एक म्हणजे "या फोटोत काय आहे ते ओळखून तसलंच दाखव", गूगल लेन्स, म्हणजे गूगलवर फोटो टाकून होतो तो सर्च, मुळात हे करतं, म्हणून पक्षी दिला की पक्षी, बूट दिला की बूट. दुसरं काम म्हणजे "हाच फोटो, हीच फ्रेम, आणखी कुठे आहे ते दाखव". टिनआय नावाचं फोटो शोधायचं सर्च इंजिन आहे, ते फक्त हे दुसरं काम करतं. ते फोटोचा एक प्रकारे ठसा काढतं आणि तोच ठसा आपल्या साठ्यात शोधतं, फोटो लहान केला, थोडा कापला, रंग बदलले, वर अक्षरं टाकली तरी ठसा बऱ्यापैकी टिकतो. पण तुम्ही त्याला खंड्याचा फोटो दिलात आणि कोणी दुसऱ्याने काढलेला खंड्या त्याच्याकडे असला तरी तो दाखवणार नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. मग फक्त टिनआय वापरावं का? तर नाही, कारण गूगलने जितकं इंटरनेट बघितलंय त्या मानाने टिनआयचा साठा लहान आहे, तिथे शून्य आलं म्हणजे कॉपी नाहीच असं होत नाही. दोन्ही वापरायचे, फक्त गूगलकडून काम करून घेताना त्याला दुसऱ्या कामाकडे वळवायचं.

ते वळवायचं असं. `images.google.com` उघडा, कॅमेऱ्याचं चिन्ह दाबा, फोटो टाका. आता बघा, फोटोवर बऱ्याचदा एक चौकट आलेली असते आणि ती आपोआप फक्त पक्ष्याभोवती बसलेली असते. म्हणजे गूगल तुमच्या फ्रेममधला पक्षी शोधतंय, तुमची फ्रेम नाही. चौकटीचे कोपरे धरून ती पूर्ण फोटोभर ओढा. मग निकालांच्या वरच्या पट्टीत `Exact matches` असं एक बटण असतं ते दाबा, मराठीत चालवत असाल तर त्या अर्थाचं मराठी नाव दिसेल. तुम्ही जी तसल्याच पक्ष्यांची भिंत बघताय ती या बटणाच्या आधीची आहे. या यादीत पानांचे पत्ते येतात आणि आपलं काम या यादीवर चालतं, वरच्या भिंतीकडे वेळ घालवू नका.

कुठली फाइल टाकायची यालाही महत्त्व आहे. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल नाही, तुम्ही जी नेटवर टाकलीत ती, त्याच क्रॉपची आणि त्याच रंगांची, कारण उचलणाऱ्याच्या हाती तीच लागलीय. लांब बाजू हजार-बाराशे पिक्सेल असली की पुरे. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट टाकू नका, त्यात वरखाली काळ्या पट्ट्या आणि बटणं येतात आणि मग ठसा त्या पट्ट्यांसकट निघतो. तुमच्या साइटवर कडेला जाड फ्रेम किंवा मोठा वॉटरमार्क असेल तर तो नसलेली कॉपी टाका, उचलणारे तो भाग आधी कापतात.

आता माझ्याच एका फोटोचं सांगते, कारण एकाच फोटोत जवळपास सगळे प्रकार सापडले होते. खंड्या, नुकताच पाण्यातून वर येऊन वाळक्या फांदीवर बसलेला, चोचीत मासा आडवा, आणि पंखाखाली हवेत पाण्याचे तीन थेंब. मूळ फाइल 6000 बाय 4000 पिक्सेलची. उजवीकडे एक वेताची काडी मध्ये येत होती म्हणून मी ती कापून 4200 बाय 2800 चा भाग घेतला आणि साइटवर 1600 बाय 1067 करून टाकला. ही काडी लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

पहिला सर्च पूर्ण फ्रेमचा. गूगलच्या `Exact matches` मध्ये पाच पानं आली, त्यातली दोन माझीच, एक कोणीतरी आपल्या पिनबोर्डवर लावलेलं आणि खाली माझ्या साइटची लिंक असलेलं, एक वॉलपेपरची साइट आणि एक प्रवासावरचा लेख. टिनआयवर सात निकाल, त्यातले तीन त्याच वॉलपेपर साइटच्या वेगवेगळ्या पानांवरचे. टिनआयमध्ये निकाल लावायचे पर्याय असतात आणि त्यातला `Most changed` सगळ्यात आधी बघायचा हे मी प्रत्येकाला सांगते, कारण जशीच्या तशी कॉपी तुमच्या डोळ्याला कुठेही दिसेल, पण बदललेली कॉपी यादीच्या तळाशी दडून बसते. माझ्या बाबतीत हे लावल्यावर सगळ्यात वर आला तो असा फोटो की मागचं हिरवं पार निळं केलेलं, वर मोठ्या पांढऱ्या अक्षरात सुविचार, आणि खंड्या कोपऱ्यात. पहिल्यांदा मलाच ओळखू आला नाही. टिनआयमध्ये निकालावर तुलना करायची सोय आहे, तुमचा फोटो आणि त्यांचा फोटो एकाच जागी आलटून पालटून दाखवतं, ते दाबल्यावर थेंब बरोबर थेंबांवर बसले तेव्हा कळलं.

तिथेच एक `Oldest` पण आहे आणि त्यावर लोक फार विश्वास ठेवतात. टिनआयची तारीख म्हणजे टिनआयच्या यंत्राने ते पान पहिल्यांदा कधी बघितलं त्याची तारीख, फोटो तिथे कधी टाकला त्याची नव्हे. माझ्या फोटोत वॉलपेपर साइटची तारीख माझ्या स्वतःच्या पानाच्या आधीची दाखवत होती, कारण ती साइट मोठी, यंत्र तिथे सारखं जातं, आणि माझ्या छोट्या साइटवर उशिरा पोचलं. त्यामुळे तुमच्या पानाच्या आधीची तारीख दिसली तर घाबरू नका आणि समोरच्याने ती दाखवली तर गप्प बसू नका. उलट बाजूनेही, टिनआयवर तुमची तारीख आधीची आहे एवढ्याच बळावर भांडायला जाऊ नका, मूळ फाइल हाताशी ठेवा.

दुसरा सर्च आरशातला. फोटो डावीकडून उजवीकडे उलटा करायचा आणि परत सगळीकडे टाकायचा. ठसा काढणाऱ्या इंजिनांना उलटा केलेला फोटो हा वेगळाच फोटो वाटू शकतो, आणि उलटं करणं हा काही फक्त लपवायचा प्रकार नाही, पोस्टर बनवणाऱ्याला डावीकडे मजकुराला जागा हवी असते आणि तुमचा पक्षी नेमका डावीकडे बसलेला असतो, मग तो सरळ आरसा मारतो. फोनवरच्या कुठल्याही फोटो ॲपमध्ये हे होतं, पण वीस-पंचवीस फोटो असतील तर मी इमेजमॅजिक या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रामने करते:

```
magick khandya.jpg -resize 1200x1200 k1.jpg
magick k1.jpg -flop k2.jpg
```

पहिल्या ओळीने लांब बाजू 1200 होते, प्रमाण बिघडत नाही. दुसरीत `-flop` आहे ते नीट बघा, `-flip` लिहिलंत तर फोटो वरचा खाली होईल आणि मग काहीच सापडणार नाही, ही चूक मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ केलेली आहे.

आरशातल्या फोटोने दोन नवीन पानं दिली, दोन्ही एकाच सहल कंपनीची, पोस्टरवर माझा खंड्या उजवीकडे तोंड करून बसलेला. सरळ फोटो टाकून यातलं एकही पान कुठेच आलं नव्हतं. म्हणून सांगते, आरशाचा सर्च न करता "काही सापडलं नाही" असं म्हणू नका.

तिसरा सर्च तुकड्याचा. इथे फोटोतला असा तुकडा निवडायचा की जो दुसऱ्या कोणाच्या फोटोत असूच शकत नाही. नुसतं खंड्याचं डोकं घेतलंत तर परत तसलीच भिंत येणार. मी चोच, मासा आणि दोन थेंब एवढा चौकोन कापला, कारण मासा कुठल्या कोनात अडकलाय आणि थेंब कुठे आहेत हे एका क्षणापुरतं असतं, पुढच्या फ्रेममध्ये सुद्धा ते बदलतं. हा तुकडा गूगलवर, बिंगच्या व्हिज्युअल सर्चवर आणि यांडेक्स या रशियन सर्च इंजिनवर टाकला. तुकडा फार लहान नको, मूळ फाइलमधून कापा म्हणजे पाचशे-सहाशे पिक्सेल तरी मिळतील. यातून मिळाला तो मोबाइलच्या कव्हरवर छापलेला खंड्या, मागचं सगळं कापून टाकलेलं, फांदीसुद्धा नाही, पक्षी नुसता हवेत. पूर्ण फ्रेमचा ठसा अशा ठिकाणी कामाचाच नाही कारण फ्रेमच उरलेली नसते. पण ज्याने पक्षी कापून काढला त्याने चोचीला चिकटलेला एक थेंब तसाच ठेवला होता, तो दिसला आणि माझी खात्री पटली. वस्तूंवर छापलेले फोटो शोधायचे असतील तर लेन्समध्ये तुकडा टाकल्यावर सोबत "फोन कव्हर" किंवा "टीशर्ट" असे शब्द पण टाइप करून बघा, तसं करता येतं, त्याने यादी एकदम आवरते.

यांडेक्सबद्दल एवढंच, सारखे चेहरे आणि सारख्या जागा ओळखण्यात ते चांगलं आहे आणि जी पानं गूगलवर येत नाहीत ती कधीकधी तिथे येतात. पण कुठल्याही इंजिनला फोटो देणं म्हणजे तो त्यांच्या सर्व्हरवर पाठवणं आहे. टिनआयचं म्हणणं आहे की सर्चसाठी टाकलेले फोटो ते आपल्या साठ्यात घालत नाहीत, बाकीच्यांच्या अटी वेगवेगळ्या. पक्ष्यांच्या आधीच प्रसिद्ध केलेल्या फोटोंना काही फरक पडत नाही, पण कधी घरच्यांचा, लहान मुलांचा फोटो शोधायची वेळ आली तर जो फोटो नेटवर अजून गेलेलाच नाही तो असा टाकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे सापडलं ते खरंच आपलं आहे का. मी जवळजवळ एका माणसावर खोटा आरोप करणार होते, म्हणून हे सविस्तर लिहिते. त्याच सर्चमध्ये मला एक फोटो मिळाला, तीच फांदी, तोच पक्षी, चोचीत मासा, मागे तसंच हिरवं. क्रॉप थोडा वेगळा. मी मेल लिहायला घेतला होता. मग पाठवायच्या आधी दोन्ही फोटो एकावर एक ठेवून बघितले. फोटो एडिटरमध्ये दोन लेयर करा, वरचा फोटो खालच्याच्या मापाचा करून पक्ष्यावर पक्षी बसवा, आणि वरच्या लेयरचा मोड `Difference` करा. खरी कॉपी असेल तर जिथे दोन्ही एकमेकांवर बसतात तो सगळा भाग जवळजवळ काळा होतो, फक्त सेव्ह करताना खराब झालेल्या कडा बारीक करड्या दिसतात. इथे पक्षी बसवला की फांदीचं टोक सरकत होतं, आणि टोक बसवलं की मागचा उजेडाचा गोल डाग सरकत होता. काहीतरी एक कायम उरायचं. याचा अर्थ एकच, कॅमेरा दुसऱ्या जागी होता. मग आठवलं की त्या दिवशी त्याच आडोशात माझ्या शेजारी आणखी एक फोटोग्राफर बसले होते, हा त्यांचा फोटो होता, माझ्यापासून हातभर अंतरावरून काढलेला. जवळच्या आणि लांबच्या गोष्टी एकमेकांच्या तुलनेत सरकल्या की तो फोटो वेगळ्या जागेवरून काढलेला आहे, मग तो कितीही सारखा दिसू दे. पक्ष्यांच्या फोटोत हे फार होतं, एकाच फांदीवर दहा जण कॅमेरा लावून बसलेले असतात. तुम्हाला मित्राने सांगितलेला फोटो सुद्धा असा निघू शकतो, तेव्हा तुलना करायच्या आधी कोणाला काही लिहू नका.

कॉपी आहे हे पक्कं झालं की पुढचा प्रश्न, ती कुठून गेली. इथे फोटोचं माप बोलतं. वॉलपेपरवाल्याकडे 1600 बाय 1067 होता, म्हणजे सरळ माझ्या साइटवरून. पण प्रवासाच्या लेखातला 1350 बाय 900 होता, आणि त्या मापाचा फोटो मी आयुष्यात एकाच ठिकाणी दिला होता, एका फोटो स्पर्धेत. स्पर्धेच्या अटी काढून वाचल्या तर त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आलेले फोटो आयोजक आणि त्यांचे सहयोगी प्रसिद्धीसाठी वापरू शकतात, लेख त्या सहयोगींपैकीच एकाचा होता. म्हणजे ती चोरी नव्हतीच, मी स्वतः होकार दिला होता आणि विसरले होते. फोटोखाली नाव नव्हतं म्हणून मी नाव लावायची विनंती केली, ते त्यांनी लावलं, विषय संपला. त्यामुळे स्पर्धा, स्टॉक साइट, कुठे क्रिएटिव्ह कॉमन्सखाली टाकलेला फोटो, हे सगळं आधी आठवून बघा.

तेव्हापासून मी मुद्दाम प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं माप आणि थोडा वेगळा क्रॉप देते. साइटवर एक, स्पर्धेला एक, मासिकाला एक, आणि कुठे काय दिलं ते वहीत लिहिते. माप एकटं पुरत नाही, कारण पुढचा माणूस फोटो लहान-मोठा करू शकतो, पण क्रॉपच्या कडा तो फक्त आणखी आत कापू शकतो, बाहेरचं त्याच्याकडे नसतं. डाव्या कडेला अर्धं पान दिसतंय की पूर्ण, एवढ्यावरून मला कुठली कॉपी गेली ते कळतं. आणि ती वेताची काडी इथे कामाला येते. वॉलपेपरवाल्याने उत्तर दिलं की फोटो त्यांना दुसऱ्या कोणीतरी दिलाय आणि त्याच्याकडे हक्क आहेत. मी त्यांना मूळ फाइलमधून उजवीकडची काडी दिसेल असा लहान आकाराचा पूर्ण फोटो पाठवला आणि एवढंच विचारलं, त्या माणसाकडे या कडेच्या पलीकडचं काही आहे का? फोटो दुसऱ्या दिवशी गेला. म्हणून मूळ फाइल कधी पूर्ण प्रसिद्ध करू नका, कडेचं थोडं स्वतःकडेच राहू द्या, आणि रॉ फाइल जागा खाते म्हणून उडवू नका.

उलट, तुमच्या फ्रेममध्ये जे नाही ते समोरच्या फोटोत कडेला जास्तीचं दिसत असेल तर थांबा. एकतर तो फोटो तुमचा नाही, किंवा तुम्ही कधीतरी मोठा क्रॉप कुठेतरी टाकलाय, किंवा कोणी कडा सॉफ्टवेअरने वाढवल्यात. तिसरा प्रकार हल्ली दिसायला लागलाय, तिथे वाढवलेल्या भागाची रॉ फाइलशी तुलना केली की लगेच उघडं पडतं, काडीच्या जागी भलतंच गवत उगवलेलं असतं.

सापडलेली फाइल उतरवून तिच्यात दडलेली माहिती, म्हणजे फोटो कोणी आणि कधी काढला ते, पण एकदा `exiftool` या प्रोग्रामने बघा:

```
exiftool -Artist -Creator -Copyright -DateTimeOriginal copy.jpg
```

बऱ्याच ठिकाणी फोटो अपलोड होताना ही माहिती पुसली जाते, त्यामुळे रिकामं आलं तर त्यावरून काहीच ठरत नाही. पण कधीकधी राहते. कव्हरवाल्यांच्या पानावरच्या फाइलमध्ये काही नव्हतं, पोस्टरच्या फाइलमध्येही नव्हतं, पण वॉलपेपरच्या मोठ्या फाइलमध्ये `Artist` पुढे माझं नाव होतं, मीच निर्यात करताना भरलेलं. तुमच्या फोटोंमध्ये भरत नसाल तर आजपासून भरा. आणि सापडलेल्या पानावरच्या फोटोवर उजवं बटण दाबून तो नवीन टॅबमध्ये उघडा, पत्ता बघा. पत्ता तुमच्याच साइटचा असेल तर त्यांनी कॉपी केलेलीच नाही, तुमच्या सर्व्हरवरून फोटो थेट तिथे दिसतोय, आणि तो तुम्ही तुमच्या होस्टिंगमधून हॉटलिंक बंद करून स्वतःच थांबवू शकता.

पुरावा मात्र कोणालाही लिहायच्या आधी. मेल गेला की पान गायब होतं आणि मग तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही. पत्ता आणि तारीख दिसेल असा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, आणि `web.archive.org/save` वर तो पत्ता टाकून पानाची नोंद, कारण स्क्रीनशॉट तुम्ही बनवलाय असं म्हणता येतं पण ती नोंद तिसऱ्याकडे तारखेसकट असते. काही साइट ही नोंद होऊ देत नाहीत, तेव्हा स्क्रीनशॉटवरच भागवावं लागतं. नंतर साइटवाल्याला साधा मेल, कुठलं पान, कुठला फोटो, माझं मूळ पान कुठलं, काढा किंवा मोबदला ठरवू. दाद दिली नाही तर होस्टिंग कंपनीला नोटीस. गूगलला पण तक्रारीचा फॉर्म भरता येतो, पण त्याने ते पान फक्त गूगलच्या निकालांतून जातं, फोटो त्या साइटवर तसाच राहतो, हे लोकांना नंतर कळतं.

आता याच्या मर्यादा, म्हणजे उगाच शोधत बसणार नाही. ही इंजिनं फक्त जे उघडं आहे आणि जिथे त्यांचं यंत्र पोचलंय तेच दाखवतात. व्हॉट्सॲप, बंद ग्रुप, प्रायव्हेट अकाउंट, लॉगिनच्या मागची पानं, छापील माहितीपत्रकं, यातलं काही येणार नाही. व्हिडिओत दोन सेकंद दाखवलेला फोटो बहुतेक येणार नाही, त्या व्हिडिओचं मुखचित्र असेल तर येईल. नवीन टाकलेली कॉपी काही दिवस किंवा काही आठवडे येणारच नाही, आणि उलट निकालात दिसणारं पान उघडलं तर कधीच गेलेलं असतं. तुमच्या मित्राने तो फोटो एखाद्या ॲपमध्ये किंवा ग्रुपमध्ये बघितला असेल तर सर्चमध्ये शून्यच येईल, आणि त्यात तुमची काही चूक नसेल. साइटचं नाव अर्धवट जरी आठवत असेल तर गूगलच्या इमेजेसमध्ये पक्ष्याचं नाव आणि पुढे `site:` लावून त्या साइटचा पत्ता टाका, नुसत्या त्या साइटवरचे फोटो डोळ्याने बघून होतात.

सगळेच फोटो शोधायला घेऊ नका, दमून सोडून द्याल. तुमच्या साइटवर सगळ्यात जास्त बघितले गेलेले दहा घ्या, ज्यांच्यात एकच विषय आहे आणि मागचं स्वच्छ आहे असे, कारण पोस्टरवाल्यांना आणि वॉलपेपरवाल्यांना तसेच हवे असतात. प्रत्येकाचे तीन सर्च, पूर्ण, आरसा, तुकडा, गूगल आणि टिनआयवर सगळे आणि तुकडा बिंग-यांडेक्सवर पण. एका फोटोला पंधरा-वीस मिनिटं जातात. जे पान सापडलं ते वहीत लिहा, तुमचंच की दुसऱ्याचं, माप किती, कधी बघितलं, म्हणजे तीन महिन्यांनी परत करताना जुनं परत तपासावं लागत नाही, फक्त नवीन पत्ते बघायचे. माझ्या त्या खंड्याचा सुविचारवाला फोटो पुढच्या फेरीत आणखी चार पत्त्यांवर दिसला, पहिल्या पानाची नोंद माझ्याकडे होती म्हणून सगळे त्याच्यावरूनच गेलेत हे त्या निळ्या रंगावरून लगेच कळलं.

तुमचा तो फोटो कुठला आहे, त्यात पक्षी फ्रेमच्या कुठल्या बाजूला आहे आणि मागे काय आहे ते लिहा, कुठला तुकडा कापायचा ते सांगते.